उरलेलं ॲसिड

ती आमच्या लॅबमध्ये आली तेव्हा मला तिथं नऊ वर्षं झाली होती. खंडाळ्याच्या पलीकडं, हायवेला लागून असलेल्या औषधांच्या कारखान्यात मी तपासणी विभागात होते. गोळ्या बनवणारे वेगळे, आम्ही त्या तपासणारे. पित्ताच्या गोळ्यांचं काम पहिल्यापासून माझ्याकडं. साहेब बाहेरच्या पाहुण्यांना लॅब दाखवायचे तेव्हा माझ्या टेबलापाशी थांबून म्हणायचे, "अँटासिड म्हणजे आमच्या या मॅडम." एवढ्या वाक्यावर माझे दोन-दोन महिने जायचे.

ती जतकडची. घरची मेंढरं होती, आता थोडी डाळिंबं. सांगलीत शिकलेली, तिथंच वर्षभर एका लहान लॅबमध्ये काम केलेली. खंडाळ्यात माझ्या भाड्याच्या खोलीत एक कॉट रिकामी होती, म्हणून साहेबांनीच मला विचारलं. मी हो म्हटलं. पहिल्या आठवड्यात मला ती आवडलीही. सकाळी माझ्याआधी उठून चहा ठेवायची. "ताई, साखर किती?" एकदाच विचारलं, पुन्हा कधी विचारलं नाही.

बिनसलं ते महिन्याभरानं. आमची तपासणी अशी असते: वीस गोळ्या खलात बारीक करायच्या, त्यातली एका गोळीइतकी पूड वजन करून बीकरमध्ये घ्यायची, पाणी घालायचं. ही पूड पाण्यात नीट विरघळत नाही, ॲसिडवरही सावकाश काम करते, त्यामुळं थेंब थेंब ॲसिड घालून तिची ताकद मोजता येत नाही. म्हणून उलटं करायचं. तिला लागेल त्यापेक्षा जास्त ॲसिड एकदम द्यायचं, तीस मिली, नेमकं एक नॉर्मल ताकदीचं. पोटाच्या उबेला, सदतीस अंशावर, पंधरा मिनिटं ढवळायचं. पूड जेवढं ॲसिड मारायचं तेवढं मारते. उरलेलं ॲसिड मग ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचेच्या नळीतून, कॉस्टिक सोडा सोडून मोजायचं, पीएच साडेतीनला येऊन स्थिर होईपर्यंत. दिलेल्यातून उरलेलं वजा केलं की गोळीनं किती मारलं ते कळतं. सोडा जास्त लागला तर ॲसिड जास्त उरलं, म्हणजे गोळी कमजोर.

एका दुपारी मी हे करत होते. ढवळणं संपलं आणि साहेब काही विचारायला आले, मी त्यांच्याशी दोन शब्द बोलले, मग ब्युरेटकडं वळले. ती शेजारच्या टेबलावर होती. म्हणाली, "ताई, पाच मिनिटांच्या आत संपवावं लागंल. नाहीतर पूड आत काम करतच राहते, आन् आकडा वाढतो."

आवाज साधा होता. बरोबरही होती. पण साहेब उभे होते. ते घड्याळाकडं बघून म्हणाले, "हां, ते बरोबर आहे बरं का." आणि मला पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं.

तेव्हापासून मी तिच्यातलं मोजायला लागले. तिची पूड माझ्यापेक्षा बारीक. ब्युरेटचा शेवटचा थेंब ती अर्धा तोडायची. शनिवारी मी रहिमतपूरला घरी जायचे. एकदा तिला सोबत नेलं, कारण आईनंच सांगितलं होतं, पोरगी एकटी राहते तर घेऊन ये. तिनं चुलीवर भाकऱ्या थापल्या. आई जेवताना मला म्हणाली, "बघ, कडा कशा हायत. तुझी अजून फाटती." नंतर मागच्या दारात ती आईच्या गुडघ्याला तेल लावत बसली होती. आमचा ऊस, भावाची फौजेतली नोकरी, मला एमएस्सीला मिळालेला वर्ग, सगळं मी त्या क्षणी मनात उभं केलं, तिच्या बापाच्या मेंढरांसमोर. लाज वाटली नाही. लाज नंतर वाटली.

साहेब आता पाहुण्यांना दोन टेबलं दाखवायला लागले होते.

एका मंगळवारी कॉस्टिकची जुनी बाटली संपत आली म्हणून मी नवी बनवली. कॉस्टिकचे दाणे हवेतलं पाणी ओढून घेतात, त्यामुळं वजन नीट केलं तरी द्रावण ठरल्या ताकदीचं होतंच असं नाही. त्याची खरी ताकद काढावी लागते, एका कोरड्या, शुद्ध क्षाराशी पडताळून. मी पडताळली. अर्धा नॉर्मल हवं होतं, आलं शून्य पॉइंट सत्तेचाळीस. तेही चालतं, फक्त हिशेबात तोच आकडा घ्यायचा. मी तो वहीत लिहिला. बाटलीवर 'कॉस्टिक, अर्धा नॉर्मल, नवीन' एवढं लिहिलं, आणि खरा आकडा चिठ्ठीवर लिहून लावायच्या आधी चहाची वेळ झाली. मी गेले.

परत आले तर ती नव्या बाटलीतून ब्युरेट भरत होती. जुनी बाटली पालथी, रिकामी. समोर तिचा कागद, हिशेबाच्या रकान्यात जुन्या बाटलीचा कालचा आकडा आधीच लिहिलेला: शून्य पॉइंट पन्नास.

मी दोन पावलांवर होते. एवढंच म्हणायचं होतं, "थांब, त्याचा आकडा वेगळा आहे." शब्द तोंडात आलेही. तेवढ्यात साहेब काचेपलीकडून जाताना तिच्याकडं बघून हसले, आणि मी माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. वही उघडली. ओळ न् ओळ वाचत असल्यासारखी बसले. कान मात्र तिच्या बीकरमधल्या ढवळण्याकडं होते.

तिला चौतीस पॉइंट दोन मिली लागले. दुसऱ्यांदा केलं, तेवढेच. तिच्या हिशेबानं ॲसिड सतरा पॉइंट एक उरलं, म्हणजे गोळीनं मारलं बारा पॉइंट नऊ. आमची मर्यादा तेरा. त्याखाली आलं की अख्खी बॅच अडकते.

साहेबांनी गोळ्यांचे ढीग असलेल्या खोलीला लाल पट्टी लावायला सांगितली. उत्पादनवाले वर आले. ती कागद हातात धरून उभी होती आणि सारखं म्हणत होती, "मी दोनदा केलंय, साहेब. दोनदा तेच आलंय."

साहेब माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्ही करून बघा."

मी केलं. त्याच बाटलीतून. मलाही चौतीस पॉइंट दोनच लागले. फक्त गुणताना मी सत्तेचाळीस घेतलं. उरलेलं सोळा पॉइंट एक, मारलेलं तेरा पॉइंट नऊ. बॅच पास.

"अनुभव तो अनुभव," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. तिला म्हणाले, "उद्या सकाळी लेखी खुलासा द्या. काय चुकलं, का चुकलं." माझ्या कागदावर त्यांनी सही केली, आकडा बघून, गुणाकार न बघता. फार दिवसांनी मला छातीत हलकं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलं वाटलं.

संध्याकाळी बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही. खोलीवर आल्यावर तिनं हातपाय धुतले, कणीक मळली, झाकून ठेवली आणि माझ्या कॉटसमोर जमिनीवर बसली. हातात पावतीमागं केलेला हिशेब होता.

"ताई, तुम्हालाबी चौतीस पॉइंट दोनच लागलं. मी तुमचं ब्युरेट बघितलं व्हतं. मग तेरा पॉइंट नऊ यायला कॉस्टिक सत्तेचाळीसचं पायजे. बाटलीवर न्हवतं ते."

"चिठ्ठी लावायची राहिली," मी म्हटलं. "चहाला गेले."

"ते कुणाचंबी राहतं. मीबी न विचारता कालचा आकडा घेतला, ती माझी चूक हाय." तिनं कागद जमिनीवर ठेवला. "पण मी भरत व्हते तवा तुमी मागं उभ्या व्हता. काचेत दिसलं मला."

बाहेर कुणीतरी गाडी धुवत होतं, पाण्याचा पाईप सिमेंटवर आपटत होता.

"बोलला का न्हाई?" तिनं विचारलं. रागानं नाही. खरंच कळून घ्यायचं होतं तिला.

मी सांगितलं. म्हणजे जेवढं सांगता येत होतं तेवढं. म्हटलं, "तू आल्यापासून मला कुणी विचारत नाही. आईसुद्धा तुझंच नाव काढते."

तिनं कागद उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाली, "माझ्या घरात, आवं, माझ्या कामाचं कुणाला काय कळत न्हाई. मी घरी सांगते, आमच्या लॅबात एक ताई हायत, अँटासिडमध्ये त्यांच्यासारखं कुणी न्हाई. म्हणून त्या दिवशी पाच मिनटांचं बोलले. वाटलं तुमास्नी म्हाईतच आसंल, साहेबांच्या बोलण्यात विसरला आसाल."

मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं चपात्या केल्या, दोन ताटं वाढली, आणि आम्ही जेवलो.

सकाळी तिनं खुलासा द्यायच्या आधी मी साहेबांच्या खोलीत गेले. नव्या बाटलीवर खरी ताकद लिहायची माझी राहिली होती, म्हणून तिचा हिशेब चुकला, असं सांगितलं. वही पुढं ठेवली. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून गुणाकार केले, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा माझ्याकडं बघून पडला. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढंच म्हणाले. आम्हा दोघींनाही लेखी समज मिळाली. मी पाहिलं होतं आणि गप्प बसले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. दारापर्यंत जाऊन दोनदा वळले, पण नाही सांगितलं. तिनंही सांगितलं नाही.

त्यानंतर ती माझ्याशी कधी वाकडं वागली नाही. पण बाटली वापरण्याआधी तिची ताकद ती स्वतः पडताळू लागली, माझ्या समोर, माझीच बाटली असली तरी. नियमात बसणारंच होतं ते. मी काय म्हणणार? दिवाळीनंतर तिनं कारखान्याजवळ दुसरी खोली बघितली, जवळ पडतं म्हणून. जाताना माझी कढई घासून ठेवली.

वर्षभरात तिला सांगलीत मोठ्या पगाराची नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी साहेब तिच्याबद्दल बोलत होते आणि मी टाळ्या वाजवत होते. मनात आलं, बरं झालं, आता माझं टेबल माझं. त्याच दमात हेही आलं की हिला सांगलीत कोण कोण विचारणार, किती पुढं जाणार ही. मत्सर तिच्यासोबत गेला नाही, माझ्याकडंच राहिला.

आईनं त्या शनिवारी विचारलं, "ती पोरगी का आली न्हाई गं परत?"

मी म्हटलं, तिची बदली झाली.