सोबत या शब्दाचा फुल फॉर्म

आमच्या कंपनीच्या बसमध्ये मागच्या बाकावर क्वालिटीतला एक इन्स्पेक्टर बसायचा. मूळचा लातूरकडचा, राहायला चिखलीत. कंपनीत नवीन संक्षेप आला की आम्ही तो संध्याकाळच्या बसमध्ये त्याच्यापुढे ठेवायचा आणि बस वाटेतलं कुरुळी गाव ओलांडायच्या आत त्यानं त्याचा फुल फॉर्म सांगायचा, असा आमचा रिवाज होता. कंपनीत संक्षेपांना तोटा नव्हता. काही धड चालेनासं झालं की त्याला तीन अक्षरी नाव मिळायचं.

ओव्हरटाइमचा ओटी म्हणजे ओढून ताणून. पीपीटी म्हणजे पुन्हा पुन्हा तेच. कामाचं मोजमाप करणारा केपीआय म्हणजे कोण पाहतंय इथं. एचआरला आम्ही कुठलाही अर्ज दिला की जे उत्तर मिळायचं आणि ज्याच्यापुढे काही व्हायचं नाही, तेच त्यानं त्या खात्याचं नाव केलं : हो रे.

हे ऐकायला सोपं वाटतं. मी स्टोअरमध्ये बसून बरेच करून पाहिले, एकही जमला नाही. त्याचे नियम कडक होते. प्रत्येक अक्षराला शब्द हवा, एकही उपरा नको. बोलताना जसं म्हणतो तसंच वाक्य पडलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे ते खरं हवं. नुसती शिवी बसवली की तो मान हलवायचा. "हे कशालाबी चिकटंल राव. ओटीचंच हाय असं वाटाया पाहिजे."

मला वाटतं, हसू तिथूनच यायचं. अक्षरं वरच्या मजल्यावरून येतात, त्यांना हात लावायची सोय नसते. ती तशीच ठेवून आतला माल तेवढा बदलायचा. मग अक्षरांनीच आपण होऊन कबुली दिल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये साहेब गंभीरपणे "पीपीटी दाखवतो" म्हणाले की चौघंजण एकदम खोकायचे. तेवढ्यापुरते आपण वर आणि साहेब खाली. पगार होता तेवढाच राहायचा.

मग त्याची लाइन दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला हलवायचं ठरलं. लाइनवरच्या पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, म्हणजे त्याच्यासाठीही, एक योजना आली. सही करून बाहेर पडायचं, नाहीतर लाइनच्या मागे परमुलखात जायचं. त्याची आई चिखलीच्या घरात अंथरुणाला खिळलेली. ती दुसऱ्या राज्यात कशी जाणार, हे विचारायला तो एचआरकडे गेला आणि नेहमीचं उत्तर घेऊन आला.

योजनेचं नाव होतं 'सोबत'. माणसं काढण्याच्या योजनेला. बाहेरून आणलेल्या सल्लागारांनी शब्द आधी निवडला आणि मग त्याच्या पोटात इंग्रजी भरलं : सेपरेशन, ऑप्शनल, बेनिफिट, अँड, ट्रान्झिशन. म्हणजे वरचे लोकही आमचाच खेळ खेळत होते, फक्त वाईट. एका अक्षराला 'अँड' लावून भागवलं होतं. आमच्या बसमध्ये हे चाललं नसतं.

दोन आठवडे तो काही बोलला नाही. लोक आशेनं मागे वळून बघायचे. शेवटी ड्रायव्हरच्या मागे बसणारा एक फिटर ओरडला, "भाऊ, सोबतचं काय झालं? एवढा वेळ तर कशालाच लावला नाही!"

तो खिडकीबाहेर बघत होता. कुरुळीच्या खोल्यांपुढे कंपन्यांचे युनिफॉर्म वाळत घातलेले होते.

"झालंय की," तो म्हणाला. "एस, ओ, बी, ए, टी. सोडलं ओझं, बरं आता, टाटा."

अख्खी बस फुटली. कुणी बाक बडवले, कुणी टाळ्या पिटल्या. सगळे नियम पाळलेले, एकही अक्षर उधारीचं नाही, कंपनीच्या तोंडी अगदी शोभणारं. त्याचा सगळ्यात चांगला फुल फॉर्म तोच.

"सही केली आज दुपारी," तो म्हणाला.

हसू एकदम थांबलं नाही. पुढच्या बाकांपर्यंत ते वाक्य पोचायला वेळ लागला, तोवर तिथले हसतच होते. मग तेही थांबले. एरवी आम्ही हसायचो ते वरच्यांना. या वेळी त्या अक्षरांमधलं ओझं आमच्याच बसमध्ये, मागच्या बाकावर, मांडीवर डबा घेऊन बसलं होतं. आमच्यातले निम्मे पन्नाशीच्या आसपास होते. पुढची लाइन कुणाची, कुणी विचारलं नाही.

निरोपाला कँटीनमध्ये फलक लावला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'सोबत'. एचआरच्या साहेबांनी त्याला शाल दिली, खांद्यावर हात ठेवला. "आता हे तुमचंच घर समजा, काका. अधूनमधून येत जा."

"हो रे," तो म्हणाला.

साहेबांना ती आपुलकी वाटली. त्यांनी हात आणखी घट्ट दाबला. आम्ही सगळे तिथेच उभे होतो. कुणीही खोकलं नाही.