मुलींचा निकाल: शून्य टक्के

अतिया बाईले मी हसलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कोणाच्या तोंडून ऐकाल, त्यापेक्षा माह्याच तोंडून ऐका.

बाई उमरखेडच्या मेकॅनिकची पोरगी. बारा वर्षांपासून स्कुटीनं आडगावच्या शाळेत जाते, एकटीच पाच वर्ग सांभाळते. मी पंचायत समितीत शाळांच्या निकालाचे तक्ते बनवतो. मागच्या वर्षी तिच्या पाचवीत तीन लेकरं होते, तिन्ही पास. शंभर टक्के! आम्ही तिले शाल-नारळ दिला. तर माईकवर म्हणते कशी, "सर, हे शंभर टक्के नाही, तिघांपैकी तीन आहे. एकाले ताप आला असता तर हेच सदुसष्ट झालं असतं."

सारे हसले. मी सगळ्यात जोरात.

यंदा ताप आलाच. पाचवीत चार जण, तीन पोरं आन् एकटी निशिगंधा. ऐन परीक्षेत तिचे दोन पेपर बुडाले. पोरं पास, ती नापास. तक्त्यात शाळा शंभरावरून पंच्याहत्तरवर, लाल रंगात. मुली: शून्य टक्के.

बाईचा फोन आला. "सर, पुसदच्या साठ लेकरांच्या शाळेत एक नापास झालं तर दोन टक्केही हलत नाही. माह्याकडं एका लेकराचे पंचवीस होतात. दहाच्या खाली लेकरं असले तर टक्के काढूच नका, चारपैकी तीन लिहा. पाहिजे तर तीन वर्षं मिळून लिहा, दहापैकी आठ. तेही थोडेच आहेत, असंही लिहा. आन् मुलींची ओळ तर काढूनच टाका. एकच पोरगी आहे, गावाले नाव सांगायची गरज नाही."

"बाई, तक्त्याचा नमुना वरून आला आहे. मी कायले हात लावू?"

"मंग खाली टीप तरी टाका."

नाही टाकली. आळस, दुसरं काय! तक्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला.

आठ दिवसांनी बाईचा परत फोन. निशिगंधाच्या बापानं, अमरनं, फळ्यापुढं चार लोकांत ऐकलं होतं, "गावच्या पोरी शून्य." घरी येऊन त्यानं पोरीचं दप्तर माळ्यावर टाकलं. बाई तीनदा त्याच्या दारी गेली. तो म्हणे, "सरकारनंच लिहून देल्लं ना, मंग शिकवू कायले?"

जूनमध्ये फेरपरीक्षा होती. बाईनं एका पोरीसाठी बाक पुसला, पेपर मांडला आन् एक वाजेपर्यंत दाराकडं पाहत बसली. कोणी आलं नाही. मी तपासणीले तिथंच होतो, मले तिच्याकडं पाहवलं नाही.

आता नव्या तक्त्यात मी दहाच्या खाली टक्के लिहीत नाही. साहेब ओरडतात, ओरडू द्या.

काल बाईच्या शाळेचा पट भरला. पाचवी: मुलं दोन, मुली एकही नाही. ती ओळ लपवायची आता गरजच राह्यली नाही.