माझ्या टेस्टनं बंद केलेला हंगाम

दोन हजार सात-आठचा सुमार. वसमतला एका मेडिकलच्या वर आमचं ऑफिस होतं. साखर कारखान्यासाठी ऊसतोडीच्या पाळ्या लावणारं सॉफ्टवेअर आम्ही करत होतो. सिनियर म्हणजे मी, आणि त्याचा तोरा मला भरपूर.

प्रोग्राम बराबर चालतो का हे तपासायला छोट्या छोट्या टेस्ट लिहिण्याची सवय मीच तिथं लावली होती. नवीन आलेली मुलगी शिरड शहापूरहून एसटीनं यायची, तीन महिन्यांच्या बोलीवर. टेस्ट पास झाली की स्क्रीनवर हिरवं दिसायचं, नापास झाली की लाल. तिनं टेस्ट लिहिल्या आणि माझी हिरवी स्क्रीन लाल झाली. तिची एकेक टेस्ट वेगळी चालवली की पास, माझ्या टेस्टच्या मागून सगळ्या एकत्र चालवल्या की नापास. ती काही सांगायला लागली, तर मी म्हणालो, वाद घालू नको, कोड नीट कर. ऑफिसच्या मालकांपुढंही बोललो की पोरगी कच्ची आहे. त्यांनी शनिवारी तिला मोकळं करायचं ठरवलं.

शुक्रवारी दुपारी तिची चूक एकदाची दाखवून देऊ म्हणून मी तिच्या टेस्ट माझ्या आधी चालवल्या. तिच्या सगळ्या हिरव्या. हात्तिच्या! मग माझ्या टेस्ट उलट्या क्रमानं लावल्या, तर माझ्याच लाल व्हायला लागल्या.

झालं असं होतं. हंगाम चालू की बंद, ही नोंद सगळ्या टेस्ट मिळून एकच वापरत होत्या. माझी शेवटची टेस्ट हंगाम बंद करायची, पाळी मिळत नाही ना बघायची आणि तसंच सोडून द्यायची. त्या टेस्टनंतर आजवर दुसरी कुठली टेस्ट चालतच नव्हती. आता ही मुलगी बिचारी त्या बंद हंगामात शेतकऱ्याला पाळी मागत होती. वर माझी हुशारी अशी, की पहिल्या टेस्टनं नोंदवलेला शेतकरीच पुढच्या सगळ्या वापरायच्या; क्रम उलटला की त्यांना तो शेतकरीच सापडायचा नाही. श्रम वाचवले म्हणून मी मिरवायचो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळपर्यंत दोघांनी बसून सगळं सुटं केलं. प्रत्येक टेस्टनं आपला शेतकरी आपण नोंदवायचा, हंगामाची नोंद दर वेळी नवी घ्यायची, दुसरीचं उरलंसुरलं वापरायचं नाही. मग क्रम पिसून पिसून चालवलं. दर वेळी हिरवं.

मी तसाच मालकांकडं गेलो आणि चूक माझी होती म्हणून सांगितलं. ते म्हणाले, सोमवारपासून तिला कायम करा.

बाहेर येऊन तिला सांगितलं. एसटीची वेळ झाली होती, ती बॅग आवरायला लागली. माझ्या मनात आलं म्हणून विचारलं, तुला हे कधी कळलं होतं?

"लाल झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सर."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"बोलले की, सर. तुमी म्हणलात, वाद घालू नको."