बोट कुणाचं, ते फोन सांगत नाही

सांगलीतल्या आमच्या लहानशा ऑफिसात आम्ही एका हॉस्पिटलसाठी ॲप बनवतो. पेशंटला त्यात आपले रिपोर्ट दिसतात. आत जायला मोबाईल नंबर आणि सहा आकडी पिन. हा पिन विसरण्यात आमच्या पेशंटांचा हात कुणी धरणार नाही. रोज तक्रारी यायच्या. शेवटी आम्ही बोटाची सोय दिली. एकदा पिन टाकून आत जायचं, 'बोटाने उघडायचं का?' या प्रश्नाला हो म्हणायचं, की पुढच्या वेळी बोट पुरतं. पिन रद्द होत नाही, तो मागे असतोच. बोटाचा ठसाही आमच्याकडे येत नाही. तो फोनातच राहतो आणि फोन आम्हाला एवढंच कळवतो, की जुळलं.

मला या कामाचा भारी अभिमान होता. त्याला एक घरचं कारणही होतं. रहिमतपूरजवळ राहणारी माझी मावशी त्याच हॉस्पिटलची पेशंट होती. तिच्या छातीत गाठ निघाली होती आणि ते फक्त मला माहीत होतं. काका फौजेतून निवृत्त झालेले, हृदयाचं ऑपरेशन झालेले. "ह्येंच्या कानावर गेलं तर मला आदी ह्येंचंच बघाय लागंल," असं म्हणून तिने मला देवघरापुढे शपथ घातली होती. सांगलीला ती गुडघे दाखवायला जाते, असं काकांना सांगितलेलं.

बोटाची सोय सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी मी तिच्याकडे गेले. मावशी खुशीत होती. "लय ब्येस केलंसा बघ. नुसतं बोट टेकवायचं." तेवढ्यात काका गोठ्यातून आले. सीमेवर असलेल्या मुलाचा नवा फोटो मला दाखवायचा म्हणून त्यांनी मावशीचाच फोन उचलला, अंगठा ठेवला आणि फोन उघडला.

चुलीपाशी जाऊन मी मावशीला हळूच विचारलं, "या फोनात बोटं कुणाकुणाची आहेत?"

"समद्यांची. नवा फोन आला तवाच घातली की. घरात कुलूप एक असलं तरी किल्ली समद्यांकडं नगं व्हय?"

आमच्याकडे हे असंच असतं. फोनला हळद-कुंकू लागतं आणि घरातली सगळी बोटं त्याच दिवशी नोंदवली जातात. जुळलं एवढंच फोन सांगतो, कुणाचं जुळलं ते सांगत नाही, हे मला तोंडपाठ होतं. पण ऑफिसात बसून मला एका फोनाला एकच माणूस दिसत होता. स्वतःचाच संताप आला. मी तिथल्या तिथे तिच्या ॲपमधली बोटाची सोय बंद केली.

"आता पुन्हा पिन लागेल. आठवतोय ना?"

"त्यो कसा इसरीन?" मावशी म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली.

संध्याकाळी काका मला एसटीपर्यंत सोडायला आले. वाटेत म्हणाले, "पोरी, त्ये बोटाचं बंद केलंस व्हय? मगाशी बोट ठेवलं तर आकडा मागाय लागलं."

मी मान हलवली.

"रिपोर्ट आला म्हून फोन वाजला. ती देवळात गेलती. बोट ठेवलं तर उघडलं. तवापास्नं पयला मीच वाचतो. वाईट असला तर त्या दिवशी तिला म्हशीकडं जाऊ देत न्हाई. कंबर दुखती म्हनतो, जवळ बसवून घेतो." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मला ठावं न्हाई असं तिला वाटतंय, त्याच्यावरच ती उभी हाय. मंगळवारी नवा रिपोर्ट यायचाय. तेवढं परत चालू कर."

मला रडू आवरेना. तरी मी म्हणाले, "काका, ते मावशीचं आहे. चालू करायचं तर तिनेच करायचं. तुम्ही तिला विचारा."

"इचारलं म्हंजे सांगितल्यागतच की गं," ते म्हणाले. गाडी आली.

सोमवारी आम्ही 'हो'च्या बटणावर एक ओळ घातली: या फोनवर ज्यांची बोटं नोंदवलेली आहेत, त्या सर्वांना हे ॲप उघडता येईल.

मंगळवारी दुपारी मावशीचा फोन आला. आवाज रडून बसलेला.

"ह्येंनी आकडा इचारला गं. म्हनले, मला समदं ठावं हाय, आता आकडा तेवढा सांग."

"मग?"

"मी म्हनलं, तुमचाच हाय. पलटणीतल्या नंबराचं शेवटचं सहा आकडं. लगीन झाल्यापास्नं पाकिटावर लिवत आले, दुसरा कुटला आठवनार मला?"

मी धीर करून विचारलं, "रिपोर्ट काय म्हणतो?"

"अजून उघडला न्हाई," मावशी म्हणाली. "ह्ये चष्मा शोधत्यात. म्हनत्यात, आज दोघं मिळून वाचू."