जमिला मॅडमचा निरोपाचा मेल

जमिलाबाजी,

तुमच्याविषयी लिहितेय हे तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे मला. माझ्यात लिहिण्यासारखं काय आहे, असं विचाराल. फारसं काही नाही. पण नोकरीच्या शेवटच्या दिवशी तुम्ही पंधरा-वीस ओळींचा एक मेल पाठवलात आणि त्याला सकाळपासून संध्याकाळ लागली. तुम्ही सांगितलंत तसंच लिहिते, साखर घालत नाही. इथून पुढे तुम्ही माझ्या लेखी ‘त्या’. रागवायचं असेल तर रागवा.

जमिला पटेल मूळच्या पिशोरच्या. घरात बीएस्सी झालेल्या पहिल्या. लग्नानंतर औरंगपुऱ्यामागच्या गल्लीत आल्या आणि करमाडजवळच्या एका बियाणं कंपनीत लागल्या, ते थेट अठ्ठावन्न पूर्ण होईपर्यंत. काम एकच, बी उगवतं का ते पाहायचं. प्रत्येक लॉटमधून चारशे दाणे घ्यायचे, शंभर-शंभर करून ओल्या कागदात ठेवायचे, ट्रेत मांडून यंत्रातल्या उबेत सोडायचे आणि ठरल्या दिवशी कोंब मोजायचे. धडधाकट किती, वेडेवाकडे किती, मेलेले किती. कागद उलगडून मोजणारी बाई आकडा मोठ्यानं सांगायची आणि जमिला मॅडम तक्त्यात लिहायच्या. एकोणतीस वर्षं असंच चाललं.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता ऑफिसातली प्रेरणा खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसली.

“मॅडम, मेल लिहिला का? तुमचा आयडी सहाला बंद होणार. त्याआधी गेला पाहिजे.”

“कसला मेल?”

“निरोपाचा. सगळे लिहितात. आभार मानायचे, दोन आठवणी, स्वतःचा नंबर. झालं.”

जमिला मॅडमनी चष्मा पुसला आणि लिहायला घेतलं. अर्ध्या तासानं प्रेरणानं स्क्रीनवर वाचलं, ‘विषय : सेवानिवृत्तीबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की...’

“मॅडम, हा निरोप आहे की रजेचा अर्ज?”

“मला एवढंच येतं गं.”

“माणसांना लिहा. माणसांची नावं घ्या.”

मग त्यांनी नावं घेतली. व्यवस्थापकांपासून सुरू करून हुद्द्याप्रमाणे खाली खाली, तेवीस नावं, प्रत्येकापुढे ‘यांचे मनःपूर्वक आभार’. कुणी मागे-पुढे होऊन दुखावू नये म्हणून हजेरीपट शेजारी उघडून ठेवला होता. एवढ्यात जनरेटर सांभाळणारा बासित चहा घेऊन आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, “आपा, ये तो हाजिरी हो गई. मी ‘उपस्थित’ म्हणू का?”

प्रेरणा हसली. जमिला मॅडमही हसल्या, पण थोड्याच. हजेरीपटात सर्वांत खाली एक नाव होतं आणि त्याच्यापुढे आभार लिहिताना त्यांचा हात थांबला होता. दगडाबाई. काम : ट्रे धुणे.

हे ट्रे धुणं कुठून आलं ते सांगायला हवं. सात वर्षांपूर्वीपर्यंत दगडाबाई मोजणीला होत्या. शाळेत चारच वर्षं गेलेली बाई, पण कोंब वाकडा आहे की नुसता दबलाय हे लांबून ओळखायच्या. त्या वर्षी बाजरीचा एक लॉट चांगला ठरवून बाजारात गेला आणि सरकारी तपासणीत नापास झाला. पोती दुकानांतून परत आली. चौकशी झाली. वरचे साहेब म्हणाले, मोजणारी चुकली असणार. दगडाबाई म्हणत राहिल्या, “म्या बराबर सांगितलं व्हतं.” पण सांगितलं होतं तोंडी. लिहिलेलं होतं मॅडमच्या अक्षरात, आणि मॅडमनाही तेव्हा तसंच वाटलं. दगडाबाईंना मोजणीवरून काढून मोरीवर लावलं.

तीन महिन्यांनी जमिला मॅडमनी जुने नमुने पुन्हा लावून पाहिले. तक्त्यावरच्या दोन शेजारच्या ओळींतल्या लॉटपैकी पहिला नापास निघाला, दुसरा उत्तम. तक्त्यात मात्र नेमकं उलटं. म्हणजे दगडाबाईंनी बरोबर मोजलं होतं, बरोबर सांगितलं होतं. आकडे लिहिताना ओळी बदलल्या होत्या. ओळी मॅडमच्या हातून बदलल्या होत्या.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आधी बढती जवळ होती, मग मुलीचं लग्न होतं, मग ‘आता कशाला उकरायचं’ हे होतं. सुशिक्षित माणसाला गप्प बसायला कारणं कमी पडत नाहीत. दगडाबाई रोज सकाळी ट्रे धुऊन उन्हात उपडे घालायच्या आणि मॅडम दिसल्या की “चा घेतला का?” विचारायच्या.

दुपारी जेवणानंतर जमिला मॅडमनी तेवीसच्या तेवीस नावं खोडली. प्रेरणाचं म्हणणं त्यांना पटलं होतं : थोडं लिहायचं, पण ज्याचं त्याचं लिहायचं. ज्यांच्याविषयी खरंच काही सांगण्यासारखं होतं, तेवढ्यांचंच लिहिलं. चार वाजता मेल असा होता :

‘विषय : आज माझा शेवटचा दिवस – जमिला पटेल

सगळ्यांना नमस्कार आणि सलाम.

एकोणतीस वर्षांनंतर आज मी निघते आहे.

बासितभाई, वीज गेली की मी हाक मारायच्या आत जनरेटर सुरू व्हायचा. माझा एकही नमुना तुमच्यामुळे वाया गेला नाही. प्रेरणा, संगणकावरची सही कुठे करायची हे मी तुला चौदा वेळा विचारलं. तू चौदाव्यांदाही हसून दाखवलंस. शिवम, तुम्ही आल्यापासून तक्ता लिहून झाला की मोजणाऱ्याला वाचून दाखवतात. ही पद्धत मोडू देऊ नका.

दगडाबाई मोजायच्या आणि मी लिहायचे. सात वर्षांपूर्वीच्या बाजरीच्या त्या लॉटमध्ये त्यांची मोजणी बरोबर होती. आकडे मी चुकीच्या ओळीत लिहिले. त्यांच्यासारखी नजर मी इथे दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

माझा नंबर खाली आहे. औरंगपुऱ्यात आलात तर चहाला या.

जमिला’

प्रेरणानं वाचलं. एकदा सरळ, एकदा पुन्हा. मग उठून शिवमला बोलावून आणलं. हा तिशीतला मुलगा उद्यापासून मॅडमच्या खुर्चीत बसणार होता. त्यानं उभ्यानंच वाचलं.

“मॅडम, छान आहे. फक्त हे दगडाबाईंचं... निरोपाच्या मेलमध्ये कशाला? लोक गोड वाचायला बसतात.”

“गोडच आहे ते. बाईची नजर चांगली आहे असं लिहिलंय.”

“तसं नाही. वरपर्यंत जाईल. तुमच्यावरच येईल.”

“माझ्यावर काय येणार? मी सहाला बंद होणार आहे.”

“ते मला तोंडी सांगितलंत तरी पुरे. मी बघतो सावकाश.”

“शिवम,” जमिला मॅडम म्हणाल्या, “तोंडी सांगितलेल्याचं काय होतं ते त्या बाईला विचारा. आणि सावकाशही करून झालंय माझं, सात वर्षं.”

प्रेरणानं पाठवायच्या यादीकडे बोट दाखवलं. सगळ्या विभागाचा एक पत्ता होता, त्यात तेवीसपैकी सोळा जण होते. ट्रे धुणाऱ्या, पोती उचलणाऱ्या सातांना कंपनीचा मेल नव्हता. जमिला मॅडमना हे एकोणतीस वर्षांत कधी सुचलंच नव्हतं.

“म्हणजे तिला जाणारच नाही?”

“कसा जाईल, मॅडम?”

त्यांनी व्यवस्थापकांचा पत्ता पुन्हा वेगळाही घातला आणि चार वाजून चाळीस मिनिटांनी बटण दाबलं. पहिलं उत्तर दोन मिनिटांत आलं, ‘ऑल द बेस्ट मॅडम’, खाली फुलांचा गुच्छ. पाठवणाऱ्यानं मेल वाचलेला नव्हता हे उघड होतं. दुसरं बासितचं : ‘आपा, जनरेटर को भी सलाम बोलूंगा.’ व्यवस्थापकांकडून काहीच आलं नाही.

मग त्या प्रेरणाला घेऊन मागे मोरीकडे गेल्या. दगडाबाई गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून ट्रे घासत होत्या. प्रेरणानं मोबाइलवर मेल वाचून दाखवला. दगडाबाईंनी नळ बंद केला.

“ते मदलं पुन्ना वाच गं, माय.”

प्रेरणानं तेवढंच पुन्हा वाचलं.

“म्याडम, तुमाला कवा कळलं हे?”

“त्याच वर्षी. तीन महिन्यांनी.”

“अन् सांगताय आज.”

“हो.”

“बरं झालं रिटायर झालात,” दगडाबाई म्हणाल्या, “नायतर राहिलंच असतं.”

जमिला मॅडमनी माफी मागितली. दगडाबाईंनी मान हलवली. ती माफ केल्याची होती की ऐकल्याची, हे मॅडमना आजही सांगता येत नाही.

“समद्यांना गेलं का हे? साहेबाला बी?”

“साहेबांनाही.”

“मंग एक काम करा. कागदावर द्या मला. आमचा सोमनाथ चारचौघांत म्हणतो, आईला शंभर मोजता येत नायत म्हणून मोरीवर बसवलं. त्याच्या म्होरं ठेवते.”

“आणून देते. करमाडला, तुमच्या घरी.”

“या. भाकरी खाऊन जा,” म्हणत दगडाबाईंनी नळ सोडला.

सहा वाजता आयडी बंद झाला. पाठवलेला मेल त्याच्याबरोबर गेला, पण प्रेरणानं शिवमला विचारून तो आधीच मॅडमच्या फोनवर धाडला होता. सोमवारी शिवमनं बाजरीचे दोन नमुने दगडाबाईंपुढे ठेवले आणि दुसऱ्या बाईकडूनही मोजून घेतले. आकडे जुळले. त्या आठवड्यापासून दगडाबाई मोजणीच्या टेबलावर बसतात. तक्ता लिहून झाला की वाचून दाखवतात तेव्हा त्या कान देऊन ऐकतात, एकदाच नाही, दोनदा वाचायला लावतात. हे सगळं प्रेरणानं फोनवर सांगितलं.

जमिला मॅडमनी औरंगपुऱ्यातल्या दुकानातून मेल छापून घेतला, घडी पडू नये म्हणून जाड पाकिटात घातला. त्यांची बहीण आफरीन जालन्याला असते. गेल्या वर्षभरात त्या तिच्याकडे चार वेळा गेल्या. चारही वेळा बस करमाडला थांबली, चारही वेळा पाकीट पिशवीत होतं. एकदा त्या सीटवरून उठल्यासुद्धा.

“उतरायचंय का, मावशी?” कंडक्टरनं विचारलं.

“नाही,” त्या म्हणाल्या, आणि बसल्या.