माझ्या आवाजातही मागितला तरी

माझा भाऊ धरमपेठेतल्या सोसायट्यांमध्ये ऑनलाइन फसवणुकीवर व्याख्यानं देतो. समोर निवृत्त मंडळी, शेवटी चहा-समोसे. घरी मात्र तो आईला चहाशिवायच व्याख्यान ऐकवतो. दुसऱ्याला अडाणी ठरवल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही.

गेल्या वर्षी व्हिएतनाममधल्या एका परिषदेचं बोलावणं आलं, आणि स्वारीचे पाय जमिनीवर टिकेनात. रोमिंगचे पैसे वाचवायला नेहमीचा फोन सिमकार्डासकट त्यानं आईच्या हातात ठेवला. "यावर काहीही विचारलं तर 'नाही' दाबायचं. कोड आला तर कोणालाही सांगायचा नाही. हल्ली आवाजाचीही नक्कल करतात. माझ्या आवाजात मागितला तरी नाही." आईनं मान डोलावली.

त्याच्या भाषणाच्या सकाळी आम्ही मायलेकी मेथी निवडत बसलो होतो. फोनवर प्रश्न उमटला: व्हिएतनाममधून तुमच्या खात्यात साइन इन होतंय, ते तुम्हीच आहात का?

"दादाच असेल," मी म्हटलं.

"त्यानंच सांगितलं ना वं, काही विचारलं त नाही दाबाचं." तिनं दाबलं. मी अडवलं नाही. खरं सांगते, मला मजा वाटली.

थोड्याच वेळात तिकडच्या एका अनोळखी नंबरावरून दादा. नवा लॅपटॉप, नवा देश, त्यात घरून नकार. खात्यानं त्याला आत घेतलं नव्हतं. भाषणाच्या स्लाइड फक्त मेलमध्ये. पेनड्राइव्हमधून व्हायरस येतात म्हणून हे महाशय तो वापरत नाहीत. तासाभरात मंचावर उभं राहायचं होतं, आणि खातं उघडायचा कोड आईच्या हातातल्या फोनवर आला होता.

"कोड कोणालेच सांगाचा नाही, असं माह्या पोराचं सांगणं आहे," आई म्हणाली.

"आई, मीच बोलतोय."

"आवाजाची नक्कल करतात म्हणे."

मग मंचावरची शुद्ध मराठी सुटली आणि खरा माणूस बाहेर आला. "अक्कल गहाण ठेवली का तुनं? पागल बुढी, अंगठाछाप कुठची. चूपचाप कोड सांग."

आईचा हात मेथीवर थांबला. "माहा पोरगा मायशी असा बोलत नाही," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर तो शहाणा अंदाजानंच कोड टाकत बसला, तेव्हा खातंच दिवसभरासाठी बंद झालं. फसवणुकीपासून कसं वाचावं, हे त्यानं कोऱ्या पडद्यासमोर सांगितलं म्हणे. मला जराही कीव आली नाही.

आई मात्र फोन ठेवल्यावर बराच वेळ एकच जुडी हातात धरून होती. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "चोरच होता ना वं तो?"

"हो आई," मी म्हटलं. "चोरच होता."