छत्री नसलेला घोडा

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. राजारामपुरीजवळच्या विहारात सांचीच्या नमुन्यावर छोटा स्तूप बांधलाय, तिथं ते रोज सकाळी दिसायचे. साठीचे गृहस्थ, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्याच्या कोरीव दगडी तोरणातून शिरून डावीकडं वळायचे, म्हणजे स्तूप उजव्या हाताला राहतो, आणि तीन फेऱ्या घालायचे. पण आत जाण्याआधी तोरणाच्या मधल्या आडव्या पट्टीखाली मान वर करून बराच वेळ थांबायचे.

एकदा मी शेजारी उभा राहून म्हणालो, "मिरवणूक छान कोरलीय. चार घोडे आहेत."

"चार न्हाईत, पावणं. एकच हाय, चारदा कोरलाय," ते जरा चिडूनच म्हणाले. त्यांचं बोट नगराच्या वेशीपासून उजवीकडं सरकत गेलं. "सिद्धार्थ घर सोडून निघालाय. त्या काळी त्येची आकृती कोरत न्हवते. घोड्यावर छत्री धरलीया, म्हंजे तो बसलाय. शेवटाला छत्रीखाली नुसती पावलं, म्हंजे उतरला." बोट खाली आलं. "आणि ह्यो त्योच घोडा, माघारी चाललाय. बघा, छत्री न्हाय."

मग आवाज उतरला. "आमच्या घरला बी गाडीच तेवढी माघारी आली. पोरगा न्हाय."

फेऱ्या झाल्यावर ते फाटकाशी लावलेली लाल मोटारसायकल ढकलत निघाले.

"बंद पडली काय?" मी विचारलं.

"चालू हाय की," ते म्हणाले, आणि रिकाम्या सीटवर एक हात ठेवून तिच्या शेजारनं चालत राहिले.